नुसता चहाच तर घेतलाय! उपाशीपोटी कोणती गोळी, जेवल्यावर कोणती, आणि का

प्रश्न: आईला (वय 58) थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, गॅसची गोळीही उपाशीपोटी, शुगरची नाश्त्यानंतर आणि कॅल्शियमची एक अशा गोळ्या चालू आहेत. आता नायट्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिली, ती म्हणे भरपेट जेवल्यावरच घ्यायची. आई म्हणते, शेवटी सगळं एकाच पोटात जातं, मी सकाळच्या चहाबरोबर सगळ्या एकदमच घेते. असं घेतलं तर नक्की काय बिघडतं?

उत्तर:

तुमच्या आईंचं वाक्य मी काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. गेली 23 वर्षं वाईत मेडिकल चालवते आहे. पाकिटावर पेनने 'उपाशीपोटी' असं लिहून दिलं, की समोरून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चहा चालेल ना?" आपल्याकडे चहाला खाणं म्हणत नाहीत. गोळीच्या दृष्टीने मात्र दूध-साखरेचा चहा हे खाणंच आहे, आणि तुमच्या आईंच्या यादीतल्या सर्वांत नाजूक गोळीला नेमका तोच नडतो.

आधी पोटात काय होतं ते पाहू. गोळी जठरात विरघळते, पण बहुतेक औषधं रक्तात जातात ती पुढच्या लहान आतड्यातून. जठर रिकामं असेल आणि गोळीबरोबर ग्लासभर पाणी प्यायलं, तर त्यातलं निम्मं पाणी दहा-वीस मिनिटांत आतड्यात उतरतं आणि विरघळलेली गोळी त्याच्यासोबत जाते. पोटात पोळी-भाजी, वरण-भात असेल, तर जठर खालचं दार जवळजवळ लावून घेतं. अन्न घुसळायचं आणि थोडं थोडं पुढे सोडायचं, हे काम तीन-चार तास चालतं. गोळीही तोवर त्या काल्यात अडकते. शिवाय रिकाम्या पोटातलं तीव्र आम्ल अन्नाने काही काळ सौम्य होतं, आणि जेवणात तेल-तूप असेल तर आतड्यात पित्त सुटतं. म्हणजे थांबण्याचा वेळ, आम्ल आणि पित्त या तिन्ही गोष्टी बदलतात. काही औषधांना या बदलाचा फायदा होतो, काहींचं नुकसान होतं, आणि बऱ्याच गोळ्यांना काहीच फरक पडत नाही.

आता थायरॉइडची गोळी. आत लिव्होथायरॉक्सिन असतं आणि त्याचं माप मिलिग्रॅममध्ये नसून मायक्रोग्रॅममध्ये असतं. 75 ची गोळी म्हणजे 75 मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण बोटावर घ्या, साधारण तेवढं औषध. बाकी दिसते ती गोळी म्हणजे नुसता भराव. हे एवढंसं औषधसुद्धा सगळं रक्तात जात नाही. पोट रिकामं असताना चांगल्या परिस्थितीत 70 ते 80 टक्के जातं, सोबत काही खाल्लं-प्यायलं की त्याहून कमी. आणि किती कमी हे रोज वेगळं ठरतं, कारण आज चहा, उद्या चहा-बिस्कीट, परवा पोहे.

त्यात कॅल्शियम. तुमच्या आईंची कॅल्शियमची गोळी 500 मिलिग्रॅमची असेल असं धरते, कारण बहुतेक तशीच असते. 500 मिलिग्रॅम म्हणजे पाच लाख मायक्रोग्रॅम. थायरॉइडच्या 75 मायक्रोग्रॅमच्या साडेसहा हजार पटींहून जास्त. कॅल्शियम थायरॉक्सिनला चिकटतं, आणि चिकटलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून आत न जाता सरळ शौचावाटे बाहेर पडतं. लोहाच्या गोळ्यांचंही तेच. दुधातही कॅल्शियम असतं, म्हणून दुधाचा चहा नडतो. काळ्या कॉफीत दूध नसतं तरी तिनेही शोषण घटतं, त्यामुळे "मी बिनदुधाची घेते" ही पळवाट नाही.

हे नुकसान लगेच कळत नाही, हीच यातली गोम आहे. आमच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, वय 54. त्यांची 75 ची गोळी वर्षानुवर्षं चालू होती आणि टीएसएच, म्हणजे शरीराला थायरॉक्सिन कमी पडलं की चढणारा आणि जास्त झालं की उतरणारा रक्ततपासणीतला आकडा, 3 च्या आसपास राहायचा. साधारण 0.4 ते 4 हे प्रमाण ठीक मानतात. एका वर्षी तो 11 वर गेला. मावशी म्हणत होत्या थकवा येतो, पाय सुजतात, केस पुंजक्याने गळतात. डॉक्टरांनी डोस वाढवून 100 चा केला. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर 9. नवी चिठ्ठी घेऊन त्या दुकानात आल्या तेव्हा डोस आणखी वाढला होता. मी गोळी देण्याआधी एकच विचारलं: "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते क्रमाने सांगा."

त्यांनी सांगितलं. सहाला उठणं, तोंड धुणं, गॅसवर चहा. चहाबरोबर थायरॉइडची गोळी, आणि "ती गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली पांढरी मोठी गोळी पण तेव्हाच, म्हणजे विसरायला नको." पांढरी मोठी म्हणजे कॅल्शियम. आठ महिन्यांपूर्वी सुरू झालेलं. टीएसएच चढू लागला तोही त्यानंतरच. गुडघ्याच्या डॉक्टरांना थायरॉइडचं ठाऊक नव्हतं, थायरॉइडच्या डॉक्टरांना कॅल्शियमचं, आणि मावशींना दोन्ही ठाऊक असूनही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

मी नवी बाटली दिली नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं. त्यांनी डोस 100 वरच ठेवला, गोळी पाण्याबरोबर सहाला, चहा सातला आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर असं सांगितलं. आठ आठवड्यांनी टीएसएच किती आला? 0.2. म्हणजे आता उलटंच. छातीत धडधड, रात्री झोप नाही. 100 मायक्रोग्रॅम आता पुरते पोहोचत होते आणि ते त्यांना जास्त होत होते. डोस पुन्हा 75 वर आला आणि पुढच्या तपासणीत टीएसएच 2.4 निघाला. वर्षभर जो गोंधळ चालला होता, त्यात थायरॉइडची ग्रंथी जिथल्या तिथेच होती.

ही गोष्ट मुद्दाम शेवटपर्यंत सांगितली. तुमच्या आईसुद्धा बहुधा चहा-कॅल्शियमसोबत गोळी घेत असतानाच डोस ठरलेला असेल. उद्यापासून त्या शहाण्यासारखं उपाशीपोटी घेऊ लागल्या, तर आहे तोच डोस जास्त होऊ शकतो. म्हणून बदल करा, पण डॉक्टरांना कळवून करा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. त्याआधी तपासून उपयोग नाही. हे औषध रक्तातून निम्मं व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, त्यामुळे नवी पातळी स्थिर व्हायला दीड-दोन महिने जातात.

पहाटे उठून चहाशिवाय तासभर बसणं ज्यांना खरोखरच जमत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे: रात्री झोपताना, जेवून तीन तास झाल्यावर. ती पद्धतही चालते. फक्त रात्री इसबगोल घेत असाल तर तिथेही तीच अडचण, तंतूंमध्ये औषध अडकतं.

गॅसची गोळीही उपाशीपोटी सांगतात, पण तिचं कारण अगदी वेगळं. थायरॉइडच्या गोळीला अन्न नको असतं. गॅसच्या गोळीत बहुधा पॅन्टोप्राझोल असतं आणि त्याला अन्न हवं असतं, पण अर्ध्या तासाने. जठराच्या भिंतीत आम्ल सोडणारे अतिसूक्ष्म पंप असतात. पोट रिकामं असताना त्यातले बरेच झोपलेले, आणि घास पोटात पडला की ते कामाला लागतात. ही गोळी फक्त चालू पंपच बंद पाडू शकते. शिवाय ती रक्तात जेमतेम तास-दोन तास टिकते. म्हणून हिशेब असा, की गोळी आधी घ्यायची, ती आतड्यात विरघळून रक्तात पोहोचेपर्यंत नाश्ता सुरू व्हायचा, पंप जागे व्हायचे आणि औषध तिथे हजर असायचं. नाश्त्यानंतर घेतली तर गोळी जठरातच रेंगाळते आणि पंप जागे असण्याची वेळ हुकते. उलट सकाळी सहाला घेऊन अकरापर्यंत काहीच खाल्लं नाही, तरीही ती बरीचशी वाया जाते. "मी तर उपाशीपोटीच घेते, तरी जळजळ थांबत नाही" असं सांगणाऱ्यांना मी विचारते, मग खाता कधी? ही गोळी तोडू किंवा चावू नये, कारण तिच्यावरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठीच असतं.

शुगरच्या गोळीत 'नाश्त्यानंतर' या शब्दामागे दोन वेगळी कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. नुसतं मेटफॉर्मिन असेल, तर अन्नामुळे त्याचं शोषण खरं तर थोडं घटतं. तरीही जेवणाबरोबर देतात, कारण रिकाम्या पोटी मळमळ, पोटात कळ, जुलाब होतात, आणि चार दिवसांनी रुग्ण गोळीच सोडून देतो. इथे अन्न तुमच्या पोटासाठी आहे, औषधासाठी नाही. एखाद्या दिवशी दोन घास कमी खाल्ले म्हणून फार बिघडत नाही.

पण चिठ्ठीवर मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड असेल (दोन्ही एकाच गोळीत असणाऱ्या जोडगोळ्या आपल्याकडे भरपूर चालतात), तर गोष्ट गंभीर होते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही खा किंवा खाऊ नका. गोळी घेतली आणि नाश्ता राहून गेला, तर साखर खाली जाते: घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. एकादशीला आमच्याकडे असा एखादा किस्सा होतोच. 'रोजची गोळी चुकवायची नाही' म्हणून गोळी घेतलेली असते आणि उपास मात्र कडक. आईंच्या स्ट्रिपवर मागच्या बाजूला दोन नावं आहेत का ते आजच पाहा. दुसरं नाव ग्लिमेपिराइड असेल, तर ही गोळी ताट समोर आल्यावरच घ्यायची आणि उपासाच्या दिवसाचं काय, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं.

आता नायट्याची कॅप्सूल. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण 'भरपेट जेवल्यावर' असं सांगितलं आहे त्यावरून ती इट्राकोनाझोलची असणार असं धरते. ही थायरॉइडच्या गोळीच्या अगदी उलट वागते. कॅप्सूल उघडून पाहिली तर आत साबुदाण्यापेक्षा बारीक गोल दाणे दिसतात. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याला आम्ल लागतं आणि वेळ लागतो. रिकाम्या पोटी घेतलं तर न विरघळता पुढे सरकतं. भरपेट जेवणानंतर जठर अन्न धरून ठेवतं, आम्ल सुटत राहतं, पित्त येतं, आणि मग ते रक्तात जातं. म्हणून 'भरपेट' हा शब्द खरा धरायचा. दूध-बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे. (एक गंमत म्हणजे, याच औषधाचं पातळ द्रावण मिळतं ते मात्र उपाशीपोटी घ्यायचं असतं, कारण ते आधीच विरघळलेलं असतं. औषध तेच, रूप बदललं की नियम उलटा.)

आणि इथे तुमच्या आईंच्या यादीत खरी अडचण आहे, जी वेळा बदलून सुटत नाही. कॅप्सूलला आम्ल हवं, आणि गॅसची गोळी आम्लच बंद करते. सकाळी एक आणि रात्री एक असं अंतर ठेवून भागत नाही, कारण बंद पडलेले पंप परत चालू होत नाहीत, नवे तयार व्हावे लागतात. त्यामुळे सकाळच्या गोळीचा परिणाम रात्रीही असतोच. आमच्याकडे महिनोन्महिने नायट्याच्या कॅप्सूल नेणारे लोक येतात. "काही फरक नाही, डॉक्टर बदलतो" म्हणतात. त्यातल्या कित्येकांच्या पिशवीत गॅसच्या गोळीची स्ट्रिप असते, कुणीतरी तीन वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली आणि आपोआप चालू राहिलेली. महागड्या कॅप्सूल पोटातून जशाच्या तशा निघून जातात आणि दोष बुरशीला.

म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आई पॅन्टोप्राझोल घेते. गॅसची गोळी काही आठवडे थांबवता येईल का, की बुरशीचं दुसरं औषध द्यायचं, हे ते ठरवतील. अशा रुग्णांना कॅप्सूल कोलासारख्या आम्लयुक्त पेयासोबत द्यायची एक युक्ती आहे, पण ती तुमच्या मधुमेही आईंसाठी नाही. याच भेटीत आईंना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का तेही सांगा. सिमव्हास्टॅटिन किंवा अटोर्वास्टॅटिन असेल तर इट्राकोनाझोलमुळे रक्तातली तिची पातळी बरीच वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. हा पोटातला नाही, यकृतातला प्रश्न आहे, पण विसरण्यासारखा नाही. आणि तीच गॅसची गोळी आम्ल घटवून थायरॉइडच्या गोळीचंही शोषण थोडं कमी करते, म्हणून ती सुरू किंवा बंद झाली की टीएसएच पुन्हा पाहावा लागतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरोघरी विचारलं जातं म्हणून सांगते: दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे 'काहीतरी खाऊन घ्या' असं सांगतात ते पोटाच्या आतल्या अस्तरासाठी. खाल्ल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते हे खरं. पण अल्सर होतो तो बराचसा रक्तामार्गे, कारण अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं ही औषधं संपूर्ण शरीरात कमी करतात. इंजेक्शन घेतलं तरी तो धोका असतोच. त्यामुळे "मी दोन भाकऱ्या खाऊन घेते, मला काही होत नाही" म्हणत रोज गोळी खाणाऱ्या आजींचं मला भय वाटतं. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. साध्या पॅरासिटामोलला मात्र खाण्याची गरज नाही. तापात जेवण जात नसताना लोक गोळी घ्यायची थांबतात, ते विनाकारण.

डॉक्टरांनी नायट्याची कॅप्सूल चालू ठेवली आणि गॅसची गोळी थांबवली असं धरलं, तर आईंचा दिवस असा बसेल. सहाला उठल्या की थायरॉइडची गोळी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. लिंबू-मध नाही, मेथीचं पाणी नाही. सातला चहा. आठच्या सुमारास नाश्ता आणि त्याबरोबर शुगरची गोळी. दुपारी जेवल्यावर कॅल्शियम. त्यालाही ते बरं पडतं, कारण स्वस्तातल्या बहुतेक कॅल्शियमच्या गोळ्या कार्बोनेटच्या असतात आणि त्यांना विरघळायला जेवणासोबतचं आम्ल लागतं. शिवाय थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तासांचं अंतर हवं असतं, ते आपोआप मिळतं. रात्री पूर्ण जेवण झालं, की हात धुवून लगेच कॅप्सूल. कॅप्सूल रात्रीला ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आम्ल मारतं, म्हणून ती दोघं एका जेवणाला नकोत. गॅसची गोळी चालूच ठेवायची ठरली, तर तिची जागा साडेसातची, नाश्त्याच्या अर्धा तास आधी.

थायरॉइडची गोळी एखाद्या दिवशी विसरली आणि चहा होऊन गेला, तर घाबरायचं कारण नाही. चहा-नाश्ता होऊन दोन-तीन तास झाले की पाण्याबरोबर घ्या, फक्त त्या दिवशी कॅल्शियम रात्रीकडे न ढकलता सरळ वगळा, कारण रात्री कॅप्सूल आहे. ग्लिमेपिराइड विसरली तर ती अशी मधल्या वेळी घ्यायची नाही.